परदेशातली गाडी भारतात आणावी की इथेच घ्यावी? परत येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी मे-जून आला की परत येणाऱ्यांचे तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरण यूकेहून पुण्याला येणाऱ्या कुटुंबाचं घेतलंय, कारण गाडी आणणं निदान कागदावर तरी शक्य आहे अशा देशांपैकी तो एक आहे. बाकीच्यांचं पहिल्याच प्रश्नात उरकतं.

मी दुबईला / अमेरिकेत आहे. माझी गाडी आणता येईल का?

नाही. तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं आणि आपल्या आयात धोरणात स्पष्ट लिहिलंय की वापरलेली गाडी आणायची असेल तर स्टिअरिंग आणि कंट्रोल उजवीकडेच हवेत. यात ड्यूटी भरून सुटका असं काही नाही, गाडी आणायलाच परवानगी नाही. सौदी, कुवेत, कतार, जर्मनी, कॅनडा, सगळे यातच आले. काहीजण म्हणतात की तिकडेच स्टिअरिंग बदलून घेतो, पण त्यात डॅशबोर्ड, पेडल, वायपर, स्टिअरिंग रॅक, एअरबॅगचं वायरिंग एवढं सगळं हलवावं लागतं आणि तशी गाडी मग टेस्टिंगला पास करून घेणं ही वेगळीच लढाई, त्यामुळे तो विषय डोक्यातून काढा आणि तिकडेच चांगल्या भावात विकून या.

राहिले यूके, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया, जपान, केनिया, दक्षिण आफ्रिका वगैरे. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये गाडी ड्यूटी फ्री येते ना? काका नव्वदच्या दशकात घेऊन आले होते.

काकांच्या वेळचे नियम काकांबरोबर गेले. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स ही कायमचं परत येणाऱ्यांसाठीची कस्टम्सची सवलत घरगुती सामानाला आहे, म्हणजे फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, फर्निचर असल्या वस्तूंना. मोटार गाडी बॅगेजच्या सवलतीत बसतच नाही. तुम्ही दोन वर्षं राहून या नाहीतर वीस, गाडीवर पूर्ण ड्यूटी लागणार. मूव्हर्सवाले कधीकधी 'सामानाच्याच कंटेनरमध्ये गाडी टाकून देऊ साहेब' म्हणतात. टाकता येते, त्यात चूक काही नाही, पण कंटेनर एक असला तरी कस्टम्सला गाडीचा हिशोब वेगळाच होतो, आणि गाडीचे कागद अडकले की तुमची गाद्या-भांडीसुद्धा तिच्यासोबत पोर्टवर बसून राहू शकतात.

वापरलेल्या गाडीसाठी अटी नेमक्या काय आहेत?

सगळ्यात जास्त लोक जिथे गळतात ती अट म्हणजे वय. गाडी बनल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. इथे लक्ष द्या, बनल्याची तारीख, तुम्ही घेतल्याची नाही. यूकेच्या लॉगबुकवर पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख ठळक असते आणि लोक तीच धरून चालतात, पण गाडी फॅक्टरीतून निघून बोटीवर, मग यार्डात, मग डीलरकडे असं करत कित्येक महिने गेलेले असू शकतात. कंपनीकडून चॅसी नंबरवरून बनल्याचा महिना लेखी मागवून घ्या, आणि बोटीला लागणारा वेळ धरून हातात चांगली जागा ठेवा. पावणेतीन वर्षांची गाडी घेऊन हा खेळ खेळू नका.

बाकी स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, यूकेत तो मैलात असतो. डिजिटल क्लस्टर असेल तर सेटिंगमधून बदलतो, काट्याचा असेल तर डायल किंवा अख्खा क्लस्टर बदलावा लागतो. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, तो यूकेवाल्यांना फुकटात मिळतो. गाडीने मोटार वाहन कायदा १९८८ आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम पाळलेले हवेत. शिवाय आयातीच्या तारखेपासून निदान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्यालायक राहील आणि तेवढा काळ सर्व्हिसची सोय देशात असेल, हेसुद्धा लिहून द्यावं लागतं. ही सर्व्हिसची अट वाचायला साधी वाटते, पण जे मॉडेल भारतात कधी विकलंच नाही त्याची सर्व्हिस कुठे दाखवणार?

आणि हो, वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते. कोची, चेन्नई ही नावं तुम्ही कुठे वाचली असतील तर ती नव्या गाड्यांच्या यादीतली आहेत.

टेस्टिंग कुठे होतं? यूकेचं एमओटी चालत नाही का?

दोन वेळा होतं. आधी बोटीवर चढवण्यापूर्वी तिकडच्या मान्यताप्राप्त टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट लागतं की गाडी भारतीय नियमांप्रमाणे तपासली आहे. एमओटी ही तिकडची वार्षिक तपासणी, ती भारतीय नियमांबद्दल काहीच सांगत नाही. गंमत म्हणजे यूकेत एमओटी लागतंच मुळी गाडी तीन वर्षांची झाल्यावर, आणि आपल्याकडे आणायची गाडी तीन वर्षांच्या आतली, म्हणजे तुमच्याकडे बहुतेक एमओटी नसणारच.

मग इथे आल्यावर, कस्टम्समधून सोडवण्याआधी, पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातली बुदनीची संस्था अशांपैकी एकीकडे पुन्हा टेस्ट. लोकांना इथला क्रम लक्षात येत नाही. त्यांना वाटतं ड्यूटी भरली, गाडी घरी आणली, मग सावकाश टेस्टला नेऊ. तसं नाही, टेस्ट आधी, सुटका नंतर. आणि या मधल्या काळात गाडी बंदराच्या ताब्यात, फ्री दिवस संपले की डेमरेजचं, म्हणजे बंदरातल्या जागेच्या भाड्याचं, मीटर चालू. टेस्टची तारीख मिळेना, एखादा कागद कमी पडला, मधे गणपती-दिवाळीची सुट्टी आली, की ते बिल वाढतच जातं. म्हणून क्लिअरिंग एजंट ठरवताना 'गाड्या सोडवल्यात का' एवढंच विचारू नका, 'खाजगी वापराची जुनी गाडी टेस्टिंगसकट सोडवलीये का' असं विचारा. नव्या गाड्यांचं काम करणारे बरेच असतात, हे काम केलेले फार थोडे.

ड्यूटी किती? नेटवर कुठे १२५ टक्के दिसते, कुठे ७०.

दोन्ही आकडे कुठून आलेत ते सांगतो. आधी वापरलेल्या गाडीवर मूळ कस्टम्स ड्यूटी १२५ टक्के होती आणि त्या ड्यूटीवर दहा टक्के सरचार्ज, मिळून १३७.५. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये मूळ ड्यूटी ७० टक्के केली आणि तेव्हा अनेकांनी पेढे वाटले, पण त्याच बजेटमध्ये ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा सेस लावला आणि सरचार्ज काढला. ७० आणि ६७.५ किती होतात ते तुम्हीच करा. म्हणजे नावं बदलली, बेरीज तीच.

त्याच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे, आधीचा वेगळा कॉम्पेन्सेशन सेस गेला. आणि हा ४० टक्के गाडीच्या किमतीवर नाही, किंमत अधिक ड्यूटी अशा फुगलेल्या रकमेवर लागतो. सगळं धरून गाडी बंदरात पोचल्यावरच्या किमतीच्या २३२.५ टक्के सरकारला जातात. शंभर रुपयांची गाडी तीनशे साडेबत्तीसला पडते, आरटीओच्या आधी.

'गाडीची किंमत' म्हणजे कुठली? मी तर मित्राकडून स्वस्तात घेतली.

मित्राने तुम्हाला एक पौंडात दिली असली तरी कस्टम्स ती किंमत धरून बसत नाही. ते त्या मॉडेलची बनल्याच्या वर्षातली कंपनीची लिस्ट प्राइस घेतात आणि त्यातून ठरलेला घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. मग त्यात जहाजाचं भाडं आणि इन्शुरन्स मिळवतात. तिकडे बाजारात गाडी किती पडली याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही, आणि खोटं इन्व्हॉइस बनवायचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला दुरून नमस्कार करा, कारण लिस्ट प्राइस त्यांच्याकडे असतेच.

एक पूर्ण हिशोब करून दाखवा ना.

धरा, मिल्टन कीन्सहून एक कुटुंब पुण्याला येतंय. मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही, बनली जानेवारी २०२४ मध्ये, भारतात पोचतेय जुलै २०२६ मध्ये. लिस्ट प्राइस व्हॅट सोडून २५,००० पौंड. (व्हॅट वजा करून मिळणं हे कागदांवर आहे, त्याचं ब्रेकअप असलेलं बिल जपून ठेवा.)

तीस महिने म्हणजे दहा तिमाह्या. पहिल्या चार तिमाह्यांचे १६ टक्के, दुसऱ्या चारांचे १२, उरलेल्या दोनचे ५, एकूण ३३ टक्के घसारा. राहिले १६,७५० पौंड. जहाजभाडं आणि इन्शुरन्स १,७५० धरू, झाले १८,५०० पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर २१,२७,५०० रुपये. इथपर्यंत सगळे खूश असतात.

मूळ ड्यूटी ७० टक्के, म्हणजे १४,८९,२५०. सेस ६७.५ टक्के, साधारण १४,३६,०००. मिळून गाडी झाली ५०.५३ लाखांची. त्यावर ४० टक्के आयजीएसटी, २०.२१ लाख. एकूण ७०.७४ लाख, त्यातले ४९.४६ लाख निव्वळ टॅक्स.

आता आरटीओ. महाराष्ट्रात नेहमीच्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के वन टाइम टॅक्स असतो, आयात केलेल्या गाडीला तो २० टक्के, आणि किंमत धरताना ड्यूटीसकटची धरतात. म्हणजे आणखी चौदा लाखांच्या वर. टेस्टिंग, एजंट, डेमरेज, ट्रेलर, इन्शुरन्स बाजूला ठेवले तरी ८५ लाख झाले. अडीच वर्षं वापरलेल्या गाडीचे.

दुसरी बाजू बघा. तीच गाडी यूकेत समजा १६,५०० पौंडांना विकली, हातात आले जवळपास १९ लाख. त्यात थोडी भर घातली की इथे त्याच आकाराची कोरी गाडी, वॉरंटीसकट, शोरूममधून. ८५ लाखांत तर जर्मन लक्झरी एसयूव्ही येते, इथेच जुळवलेली, इथल्या सर्व्हिससकट. मला विचाराल तर साध्या गाडीसाठी हा हिशोब कुठल्याच बाजूने बसत नाही, आणि महागड्या गाडीसाठीही बसत नाही कारण टक्केवारी तीच राहते, फक्त आकडा मोठा होतो.

मग वापरलेली नको, तिकडून नवी कोरी घेऊन पाठवली तर?

नवी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कुठल्याही देशात रजिस्टर न झालेली, विकली-भाड्याने दिलेली नसलेली. तुम्ही तिकडे नंबर घेतला आणि एक आठवडा चालवली की ती वापरलेली झाली. खरंच नवी असेल तर ड्यूटी थोडी कमी आहे. ४०,००० डॉलरच्या आतली आणि छोट्या इंजिनाची असेल तर ७० टक्के, त्याच्या वर गेली तर ७० अधिक ४० म्हणजे ११०, आणि दोन्हीवर आयजीएसटी आहेच. पण नव्या गाडीचा अडथळा ड्यूटी नाही, भारतीय नियमांची मंजुरी हा आहे. त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल, भारत स्टेज सहा उत्सर्जन वगैरे कंपन्या हजारो गाड्यांसाठी एकदा करून घेतात, तुम्ही एका गाडीसाठी ते करणार का?

कार्नेवर आणली तर ड्यूटी लागत नाही असं ऐकलंय.

लागत नाही, कारण ती गाडी परत जाणार असते. कार्ने हा फिरायला येणाऱ्यांसाठीचा कागद आहे, लंडन ते गोवा रोड ट्रिप करणारे त्यावरच येतात. साधारण सहा महिन्यांची मुदत, तिकडच्या ऑटोमोबाइल क्लबकडे तारण ठेवायचं, आणि गाडी देशाबाहेर गेल्याचा शिक्का नसेल तर ड्यूटी त्या तारणातून वसूल होते. कायमचं राहायला येणाऱ्याच्या हा उपयोगाचा नाही. सहा महिने 'ट्राय' करून मग ठरवू असा विचार असेल तर सातव्या महिन्यात वरचाच सगळा हिशोब समोर येतो, वर दंड.

नियमात न बसणारी गाडी येऊन पडली तर काय होतं?

कस्टम्स कायदा १९६२ खाली जप्त होऊ शकते. मग एक तर दंड भरून सोडवायची, ज्यात ड्यूटी वेगळी, सोडवण्याचा दंड वेगळा आणि तुमच्यावरची पेनल्टी वेगळी, नाहीतर स्वतःच्या खर्चाने परत पाठवायची. आणि दंड भरून सुटली तरी आरटीओ तिला नंबर देईलच असं नाही, ते आपले नियम स्वतंत्रपणे बघतात. पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली विनानंबरची गाडी हा या सगळ्याचा सगळ्यात वाईट शेवट.

भारतात आधीच आणलेली इम्पोर्टेड गाडी सेकंडहँड घेऊ का? स्वस्त मिळतेय.

का स्वस्त आहे ते आधी शोधा. २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने भूतानमार्गे चोरून आणलेल्या गाड्यांवर छापे टाकले, त्यात ज्यांनी पैसे मोजून घेतल्या होत्या त्यांच्याही दारात अधिकारी उभे राहिले. म्हणून आरसी बुकावर भागवू नका. आयातीच्या वेळी कस्टम्सला दिलेली मूळ बिल ऑफ एंट्री, ड्यूटी भरल्याचं चलन आणि टेस्टिंगचं सर्टिफिकेट, तिन्हीवरचा चॅसी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. 'कागद हरवलेत पण आरसी क्लीन आहे' असं ऐकलं की चहा पिऊन निघा.

तसंच पाँडिचेरी पासिंगची गाडी. तिथला टॅक्स कमी म्हणून नंबर तिकडचा घेतलेला असतो, पण गाडी बारा महिन्यांच्या वर महाराष्ट्रात राहिली की इथे पुन्हा रजिस्टर करावी लागते आणि मग टॅक्स इथल्या दराने.

पैशाचं सोडा, मला त्या गाडीचा लळा आहे. आणून वापरताना काय त्रास होईल?

लळ्याला इलाज नाही, मान्य. पण रोजचं सांगतो. परदेशातली वॉरंटी इथे सहसा चालत नाही, आणि त्याच कंपनीचं शोरूम पुण्यात असलं तरी तुमचा चॅसी नंबर त्यांच्या सिस्टीममध्ये निघत नाही, मग साधा सेन्सरसुद्धा बाहेरून मागवायचा. यूकेचं नेहमीचं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं, आपल्या पंपावर आता वीस टक्क्यांचं. गाडी त्यासाठी बनलेली नसेल तर ॲव्हरेज पडतं आणि रबरी पाइप, सील यांची कुरबुर चालू होऊ शकते. गाडीतलं इंटरनेट, मॅप, ॲपवरून लॉक वगैरे तिकडच्या सिमवर असतं, ते बहुधा मुकं होतं. आणि ग्राउंड क्लिअरन्स. आपल्या सोसायट्यांच्या गेटातले स्पीडब्रेकर कुठल्या मोजमापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाच माहीत.

ठीक आहे, तिकडे विकून इथे घेतो. निघण्याआधी काय करू?

गाडी पीसीपी किंवा हप्त्यावर असेल तर आधी फायनान्स कंपनीकडून सेटलमेंटचा आकडा मागवा, कारण ती रक्कम फेडेपर्यंत गाडी कायद्याने त्यांची आहे. विकल्यावर डीव्हीएलएला लगेच कळवा, उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो.

इथल्या कर्जाचा विचार आधीपासून करा. दहा वर्षं बाहेर असलेल्या माणसाचा सिबिल स्कोअर बरेचदा कोराच असतो, त्यामुळे उत्तम पगार असूनही बँक मान हलवते. एनआरई खात्यात पैसे असतील तर त्याच बँकेकडे विचारा, एफडीवर कर्ज घेणं कित्येकदा सोपं जातं. नाहीतर पहिलं वर्ष चांगली दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी रोखीने घ्या आणि पुण्यात नक्की कुठे राहायचं, ऑफिस कुठे, पार्किंग किती, हे ठरल्यावर नवी घ्या. सेकंडहँड घेताना आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय का ते बघा, असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि एक कागद जो जवळजवळ सगळे विसरतात. तिकडच्या इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेमचं पत्र, लेटरहेडवर, पॉलिसी कधी संपली त्या तारखेसकट. परदेशात मिळवलेला नो क्लेम बोनस तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे धरायची तरतूद मोटार टॅरिफमध्ये होती आणि विचारलं तर कंपन्या आजही बघतात. शोरूमचा इन्शुरन्सवाला स्वतःहून हे सांगणार नाही, पत्र त्याच्या टेबलावर ठेवा आणि प्रीमियमचं कोटेशन त्यानंतर काढायला सांगा.